सरांच्या विटेचा विकास खर्च

माझ्यावर सगळ्यात मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवावे लागत नाही. मुरुमच्या हायस्कूलमध्ये आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सरांचे. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. जे सांगायचे आहे त्यात त्यांचे नाव एकदा गावभर झाले, तेवढे पुरे.

माझे वडील लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात सालाने राबायचे. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेला मी पहिला. आठवीत असताना सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे दिली. त्या काळात काही घरांच्या उंबऱ्याबाहेर मला ओंजळीत पाणी मिळायचे, आणि इथे काचेची भांडी, तराजू, आम्लाच्या बाटल्या सगळे माझ्या ताब्यात. प्रयोगाच्या वहीत सर आम्हाला पानाच्या मधोमध रेघ मारायला लावत. डावीकडे काय दिसले ते, उजवीकडे त्यावरून काय वाटले ते. डावीकडे ‘वाटते’ हा शब्द आला की पान फाडायचे. फीमाफीचा अर्ज त्यांनीच भरला. कॉलेजला बी.कॉम.ला जा, असेही त्यांनीच सांगितले. म्हणाले, “तुझा हात आकड्यावर चांगला बसतो, आणि घर लवकर उभं राहील.” तसेच झाले. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून लागलो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, खोली घेतली. पहिल्या पगारात त्यांना धोतरजोडी नेऊन दिली, तर रागावले. वर्गात पँट घालणाऱ्या माणसाला मी धोतरजोडी नेली होती.

आमचे काम सहकारी संस्थांचे हिशोब तपासायचे. शेवटी संस्थेला वर्ग द्यायचा, अ, ब, क किंवा ड. ब वर्गाच्या खाली गेलेल्या संस्थेचा सरकारी भागभांडवलाचा प्रस्ताव सहसा पुढे सरकत नसे. त्यामुळे गावोगावचे चेअरमन आम्हाला चहा देताना साखर सढळ हाताने टाकत.

लागोपाठ दुष्काळाची वर्षे होती. मुरुमपासून थोड्या अंतरावर एक पशुखाद्य सहकारी संस्था होती. सरकी पेंड आणि भुसा मिसळून खाद्य विकायचे हा तिचा धंदा. दुष्काळात तिच्या आवारात जनावरांची छावणीही उघडली होती. सर नुकतेच सेवानिवृत्त झाले होते आणि संस्थेचे बिनपगारी तांत्रिक सल्लागार होते. त्यांच्या मनाने घेतले होते की साखर कारखान्यात उसाचा रस काढून उरणारा चोथा, ज्याला बगॅस म्हणतात, त्यात मळी आणि थोडा युरिया घालून दाबून त्याची वीट करायची. दोन विटा खाल्ल्या की जनावराला अर्धा कडबा पुरेल. हे साधले असते तर आमच्या भागातल्या किती दावणी वाचल्या असत्या, हे वेगळे सांगायला नको. त्या वेळी माणसे बैल विकत नव्हती, नुसते सोडून देत होती.

पहिल्या वर्षी मी त्या संस्थेच्या तपासणीला गेलो तेव्हा ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला एक नवी ओळ दिसली, ‘पशुखाद्य वीट विकास खर्च, अठरा हजार’. हा पैसा खर्च होऊन गेलेला होता. तो त्या वर्षीच्या तोट्यात न धरता मालमत्ता म्हणून पुढे ओढला होता. असे करता येते, पण त्यासाठी त्या खर्चातून पुढे खरोखर काही मिळणार आहे याचा पुरावा लागतो. मी मॅनेजरला विचारले, “ह्याला आधार काय?”

त्याने एक कागद पुढे केला. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘छावणीतील जनावरांवर घेतलेली चाचणी यशस्वी. वीट उत्पादनास योग्य.’ खाली सही.

ती सही मी प्रगतिपुस्तकावर पाहिलेली सही होती. मी हिरव्या शाईने टिकमार्क केला आणि पुढच्या पानावर गेलो. मॅनेजरने चाचणीची नोंदवही काढून टेबलावर ठेवली होती. मी ती उघडली नाही. उघडणे म्हणजे सरांवर अविश्वास दाखवणे असे मला वाटले. संध्याकाळी त्यांच्या घरी जेवलो. त्यांनी मला अंगणातली वीट दाखवली. काळसर, गोडसर वासाची. मी म्हणालो, “सर, हे तर पेटंट घेण्यासारखं आहे.” ते लहान मुलासारखे हसले. कार्यालयातल्या माझ्या साहेबांना मी तेव्हा कळवायला हवे होते की तिथले सल्लागार माझे शिक्षक आहेत. तेही कळवले नाही.

दुसऱ्या वर्षी ती ओळ एक लाख चाळीस हजारांवर गेली होती. शिवाय तिच्या खाली आणखी दोन ओळी आल्या होत्या, ‘बोधचिन्ह व नोंदणी’ आणि ‘नावलौकिक’. विटेवर छापायला नंदीचे चित्र काढून घेतले होते, आणि संस्थेचे नाव दुष्काळात फार झाले म्हणून संचालक मंडळाने ठराव करून त्या नावाची पंचवीस हजार किंमत धरली होती.

त्याच सुमारास अकाउंटंट लोकांच्या देशपातळीवरच्या संस्थेचे संशोधन आणि विकास खर्चाबद्दलचे नवे मानक आले होते. ते आमच्या खात्याला थेट लागू नव्हते, पण आमचे साहेब वाचणारे होते. त्यांनी सायक्लोस्टाइल केलेली पाने माझ्या हातात ठेवली. “ह्यातले निकष लावून बघा. सगळे बसले तरच खर्च पुढं ओढू द्या. एक जरी बसला नाही तर त्या वर्षाच्या खर्चात टाका.”

तेव्हा मात्र मी सांगितले, “साहेब, तिथले सल्लागार माझे सर आहेत.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितले. “हे गेल्या वर्षी सांगायचं असतं. आता दुसरा माणूस द्यायला माझ्याकडं नाही. जा. पण तपासणीचा मेमो मी स्वतः ओळन् ओळ वाचणार.”

एस.टी.ने मुरुमला उतरलो, तिथून जीपने संस्थेत. चेअरमन वाटच बघत होते. हे गृहस्थ मोठे शेतकरी, अंगाने भक्कम, बोलण्यात मोकळे. मी ‘अमूर्त मालमत्ता’ हा शब्द उच्चारला मात्र, त्यांनी टेबलाखालून एक वीट काढून धाडकन माझ्या पुढ्यात ठेवली.

“घ्या, उचला. दोन किलोची हाय. हाताला लागतीय का न्हाय? अन् तुमी म्हणता अमूर्त!”

“चेअरमनसाहेब, ही वीट मालात धरा. मी वीट करण्याच्या कृतीबद्दल बोलतोय.”

“कृती सरांच्या डोक्यात हाय. आता त्यांचं डोस्कं तुमच्या टेबलावर आणून ठिवू व्हय?”

कारकून मंडळी हसली. मीही हसलो. मग कामाला लागलो.

नावलौकिकाची ओळ पाच मिनिटांत गेली. दुसऱ्याची चालती संस्था विकत घेताना मालमत्तेच्या किमतीहून जास्त पैसे मोजले तर तो फरक नावलौकिक म्हणून धरता येतो. आपण आपलीच किंमत ठराव करून वाढवता येत नाही. चेअरमन म्हणाले, “मग आमच्या नावाला काईच किंमत न्हाय?” मी म्हणालो, “आहे, पण ती दुसऱ्यानं मोजली पाहिजे.” नंदीच्या चित्राचा खर्च चित्रकाराच्या पावतीपुरता होता. त्याचे काय करायचे ते विटेवर अवलंबून होते. वीट विकली जाणार नसेल तर तिच्यावरचा नंदी काय कामाचा?

मग मुख्य खाते. पहिला निकष असा की कृती नेमकी ठरलेली हवी आणि तिचा खर्च वेगळा ओळखता यायला हवा. मी व्हाउचर एकेक करून लावली. मळीची, युरियाची, दाबयंत्र भाड्याने आणल्याची बिले बरोबर होती. पण त्यातच चेअरमनसाहेबांच्या जीपचे डिझेल होते, आणि त्या तारखा बाजार समितीच्या निवडणुकीच्या होत्या. सर परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन पुस्तके बघून आले होते, तो प्रवासही होता. तो नुसता शोध घेण्याचा खर्च, विकासाचा नव्हे. तो ज्या वर्षी झाला त्याच वर्षी संपतो. हे सगळे काढल्यावर एक लाख दहा हजारांच्या आसपास उरले.

वीट करायचा आणि विकायचा इरादा होता का? होता. प्रोसिडिंग बुकात ठराव होता. विकली जाईल का? छावण्या चालू आहेत तोवर कदाचित. पाऊस पडून कडबा आला की कोण घेईल, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कारखाना उभा करायला पैसा? सरकारी भागभांडवलाची आशा होती, मंजुरी नव्हती. आणि ती आशा ब वर्गावर टेकलेली होती. म्हणजे माझ्यावर.

हे सगळे निकष ओढूनताणून कदाचित बसले असते. मधला एक तसा बसणार नव्हता. वीट तांत्रिकदृष्ट्या चालते हे दाखवून द्यायला हवे होते.

या वेळी मी नोंदवही उघडली. छावणीतली चाळीस जनावरे, प्रत्येकापुढे मालकाचे नाव, रोज दोन विटा दिल्याची नोंद, ‘शेरा’ या रकान्यात ‘खाल्ली’, आणि अंगठा. सहा महिने. एकही दिवस ‘खाल्ली नाही’ असे नव्हते. एवढी चाळीस जनावरे सहा महिन्यांत एकदाही तोंड फिरवत नाहीत हे मला, दावणीपाशी वाढलेल्या माणसाला, पटले नाही. डावी-उजवी रेघ त्या वहीत नव्हती. होती ती नुसती उजवी बाजू.

मी कडबा वाटपाची वही मागितली. चाचणीचा नियम साधा होता. ज्या जनावराला वीट, त्याला कडबा अर्धा. म्हणजे चाळीस जनावरांना रोज वीस जनावरांचा कडबा जायला हवा. वहीत चाळीसचा गेला होता. रोज. मी तीन महिन्यांची बेरीज दोनदा केली, मग चौथ्या महिन्याची केली. मॅनेजर उठून खिडकीपाशी गेला.

“मॅनेजर, हे काय आहे?”

“साहेब, तुमी पान पलटा ना. गेल्या साली पलटलं होतं तसं.”

मी पलटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत गेलो. नोंदवहीतल्या पहिल्याच नावाची एक म्हातारी मावशी होती. दोन बैल आणि एक गाय घेऊन ती झापाखाली बसली होती. मी कोण ते सांगितले. मग मी माझ्या गावाचे, वडिलांचे नाव सांगितले, तेव्हा ती जरा सैल झाली.

“ईट खातात का बैल, मावशी?”

“खातात की. सर म्हनले खातात.”

“तुमी बघितलं?”

तिने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. “लेकरा, पहिल्या दिशी त्येनं वास घेतला अन् फुरफुरला. दुसऱ्या दिशी शिंगानं उडवून लावली. म्या मॅनेजरला सांगितलं. तो म्हनला, मावशी, अंगठा कर, कडबा पुरा देतो, सरास्नी सांगू नको.”

“मग विटा गेल्या कुठं?”

ती पहिल्यांदा हसली. “चुलीत. लई झकास जळती बग. भाकर चटदिशी व्हती.”

शेजारचा एक माणूस म्हणाला, “साहेब, सरांनी आमच्या तिन्ही पोरास्नी शिकवलं. फुकट शिकवणी घेतली. ते रोज सांजच्याला यायचे, विचारायचे, खाल्ली का? त्यांचं तोंड बगून ‘न्हाय’ म्हनवत न्हवतं.”

मी त्या दिवशी आणखी चौदा मालकांना विचारले. दोघांनी सांगितले की चुरा करून कडब्यावर थोडा थोडा टाकला तर जनावर खाते. हे मी टिपून घेतले. बाकीच्यांचे उत्तर चुलीचेच. आणि कोणाच्याच बोलण्यात लबाडी नव्हती. मॅनेजरसुद्धा सरांचा विद्यार्थी, माझ्या दोन वर्षे पुढचा.

दुपारी बैठक होती. चेअरमन, मॅनेजर, सर आणि मी. मी आकडे वाचून दाखवले. कडबा वहीची बेरीज सांगितली. छावणीतली उत्तरे सांगितली, कोण काय म्हणाले ते न सांगता. शेवटी म्हणालो की वीट चालते हे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे यंदाचा सगळा खर्च आणि मागच्या वर्षीचे अठरा हजारही तोट्यात जातील. मागच्या वर्षी ते मान्य केले ती माझी चूक, तसे मी मेमोत लिहिणार आहे.

चेअरमन उसळले. “म्हंजे संस्था तोट्यात, वर्ग क, भागभांडवल बुडालं! आमी काय चोऱ्या केल्या? डिझेलचं काढा, नावलौकिकाचं काढा, पर ईट राहू द्या. पुढल्या साली खातील की बैल!”

“पुढच्या वर्षी खाल्ली तर पुढच्या वर्षापासूनचा खर्च धरता येईल. एकदा खर्चात गेलेला पैसा परत मालमत्तेत आणता येत नाही.”

“कुठल्या ब्रह्मदेवानं लिहिलं हे?”

सरांनी हात वर करून त्यांना थांबवले. ते एवढा वेळ कडब्याची वही चाळत होते. त्यांनी मॅनेजरकडे पाहिले नाही, चेअरमनकडे पाहिले नाही. चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारले,

“गेल्या वर्षी तू ही वही बघितली होतीस का?”

“नाही, सर.”

“का?”

मी समोरच्या बेरजांच्या कागदाची घडी घातली.

“तेव्हा कळलं असतं तर युरिया कमी केला असता,” ते म्हणाले. “वास त्याचाच आहे. थोडी पेंड घातली असती. मीठ घातलं असतं. तेव्हा हातात वेळ होता, पैसाही होता.” मग वही मिटून म्हणाले, “आकडे बरोबर आहेत तुझे. लिही.”

मी लिहिले. साहेबांनी ओळन् ओळ वाचली आणि एक शब्द बदलला नाही. संस्थेला क वर्ग मिळाला, भागभांडवलाचा प्रस्ताव परत आला, दाबयंत्र मालकाने नेले. गावात कोणीतरी शाळेच्या भिंतीवर कोळशाने विटेचे चित्र काढले आणि खाली ‘भाकरीची वीट’ लिहिले. सरांनी संस्थेत जाणे बंद केले. बाजारातही ते कमी दिसू लागले असे मला लोकांकडून कळायचे. मी स्वतः गेलो नाही. लाज वाटत होती.

लोक मला म्हणतात, तू तुझे काम केलेस. दुसऱ्या वर्षी केले, हे खरे. मला पश्चात्ताप होतो तो पहिल्या वर्षाच्या त्या हिरव्या टिकमार्कचा. अठरा हजारांवर ही गोष्ट थांबली असती तर सरांना वीट दुरुस्त करता आली असती, आणि त्यांना कोणी हसले नसते. मावशीने, मॅनेजरने आणि मी, आम्ही सगळ्यांनी त्यांना मान दिला, आणि त्यात त्यांना एकट्यालाच काही कळू दिले नाही.

पाच महिन्यांनी मी त्यांना पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही, आणि पुढे दोन वर्षांत ते गेले. पत्र पाठवण्याआधी त्याची नक्कल करून ठेवली होती. ती अशी:

‘ती. सरांना सा. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. गेल्या वर्षी वही बघितली नाही, कारण तुमची सही बघितली. तुमच्या कागदावर प्रश्न विचारण्याची मला हिंमत झाली नाही आणि त्यालाच मी आदर समजलो. त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली. याबद्दल क्षमा मागतो. करावीच असे म्हणणे नाही.

मॅनेजरवर राग धरू नये. छावणीतल्या लोकांवरही धरू नये. ते तुम्हाला हसत नव्हते.

दोन मालकांनी मला सांगितले होते की चुरा करून कडब्यावर टाकली तर जनावर खाते. किती चुरा, किती दिवसांनी, हे मी विचारून वेगळ्या कागदावर लिहिले आहे. सोबत जोडतो. ही माझी टिपणे आहेत, ऐकलेले आहे, मी पाहिलेले नाही.

त्या संस्थेची तपासणी यापुढे माझ्याकडे देऊ नये असे मी कार्यालयाला लेखी दिले आहे व ते मान्य झाले आहे. त्यामुळे आता मी तुम्हाला मदत करायला मोकळा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस आहे. ते तुम्हाला ओळखत नाहीत. तुम्ही युरिया कमी केलेल्या दहा विटा एस.टी.च्या पार्सलने पाठवल्यात तर मी आठ दिवसांची रजा काढून तिथे राहीन, स्वतःच्या हाताने घालीन, आणि जनावराने तोंड फिरवले तर तसेच कळवीन. पार्सलचे पैसे मी इथे भरीन.

आपला विद्यार्थी’